बादरायण संबंधातून धंदा

1. सगळ्यांना तेच का सुचते?

‘आपल्या गावात कोणता धंदा चालेल?’ हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात कुठेही विचारला, तरी पहिली पाच-सहा उत्तरे ठरलेली असतात. तालुक्याच्या गावात मोबाईलचे दुकान, बाजार समितीजवळ कृषी सेवा केंद्र, उन्हाळ्यात रसवंती, जोडधंदा म्हणून दोन म्हशी. शेगावच्या रस्त्यावर कचोरी. महिलांचा बचत गट असेल तर पापड, लोणचे आणि मसाला. यातली एकही कल्पना वाईट नाही. अडचण इतकीच की, प्रश्न विचारणाऱ्याच्या आधी ती शंभर जणांना सुचलेली असते आणि त्यातले पन्नास जण तो धंदा करतही असतात.

हे आळशीपणामुळे होत नाही. आठवण ज्या क्रमाने वर येते, त्याचा हा परिणाम आहे. ‘बचत गट’ म्हटले की पापड आठवतो, कारण दोन्ही गोष्टी असंख्य वेळा एकत्र पाहिलेल्या असतात. थॉमस वॉर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना दूरच्या ग्रहावरचा एखादा प्राणी कल्पनेने काढायला सांगितला होता. बंधन काहीच नव्हते. तरीही बहुतेकांच्या प्राण्यांना डोळे होते, पाय होते आणि डावी-उजवी बाजू सारखी होती. संपूर्ण मोकळीक दिली तरी मन बैलगाडीच्या चाकोरीतूनच चालते. त्यामुळे ‘जरा वेगळा विचार कर’ या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही. चाकोरीबाहेर पाऊल पडायला बाहेरून काहीतरी आडवे यावे लागते.

2. आडवा येणारा शब्द

हे आडवे येणे मुद्दाम घडवून आणायची एक साधी रीत आहे. हातातल्या प्रश्नाशी काडीचा संबंध नसलेला एक शब्द चिठ्ठी काढून निवडायचा आणि त्याचा प्रश्नाशी बळेच संबंध लावायचा. एरवी ज्याला बादरायण संबंध म्हणून हसले जाते, तेच इथे ठरवून करायचे. चार्ल्स व्हाइटिंग या अमेरिकी लेखकाने 1958 च्या आपल्या पुस्तकात अशा सक्तीच्या जोडण्यांची पद्धत मांडली होती. पुढे माल्टात जन्मलेले डॉक्टर आणि लेखक एडवर्ड डी बोनो यांनी यादृच्छिक शब्दाचे तंत्र जगभर पोहोचवले. त्यांचे एक गाजलेले उदाहरण सिगारेटचे आहे. सिगारेट आणि रस्त्यावरचा सिग्नल एकत्र ठेवल्यावर त्यांना सिगारेटवर एक लाल पट्टा सुचला. तिथवर ओढून झाली की पुढचा भाग जास्त घातक, असा इशारा देणारा.

या उदाहरणात शब्दाने उत्तर दिलेले नाही. सिग्नलला सिगारेटबद्दल काहीच माहिती नसते. त्याने फक्त विचाराची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करून दिली. एरवी विचार सिगारेटपासून निघून तंबाखू, धूर, खोकला अशा नेहमीच्या थांब्यांवर गेला असता. तो सिग्नलपासून निघाला म्हणून ‘इथे थांबा’ ही कल्पना वाटेत भेटली. परकी जागा आणि मूळ प्रश्न यांच्यामध्ये पूल बांधण्याचे काम माणसालाच करावे लागते.

3. शब्द काढण्याची रीत

आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. तो फार मोठा असू नये. ‘धंदा काय करावा’ या प्रश्नाला शब्द चिकटत नाही. ‘सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याला पेरणीआधी कशाची गरज असते, जी आज कोणी विकत नाही’ हा प्रश्न कामाचा आहे, कारण त्यात गिऱ्हाईक आहे, वेळ आहे आणि वस्तूही आहे.

मग शब्द. शब्दकोश घ्यावा, दुसऱ्या कोणाला एक पानाचा आकडा आणि एक ओळीचा आकडा सांगायला लावावा. तिथे क्रियापद किंवा विशेषण निघाले, तर पुढे सरकत पहिल्या नामापर्यंत जावे. नाम शक्यतो डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या वस्तूचे असावे. ‘औदार्य’ किंवा ‘प्रगती’ अशा शब्दांतून काही निघत नाही, कारण त्यांना भाग नसतात. शब्दकोश नसेल तर आठवडी बाजारात दिसणाऱ्या पन्नास-साठ वस्तूंच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या तरी चालते. मात्र शेतीच्या प्रश्नासाठी शेतीच्याच वस्तू टाकू नयेत. शब्द जितका दूरचा, तितका पूल लांब आणि चाकोरी तितकी मागे पडते.

निघालेला शब्द बदलायचा नाही, हा या रीतीतला सर्वांत कडक नियम आहे आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. पहिला शब्द ‘निरुपयोगी’ वाटतो, दुसराही वाटतो, तिसरा मात्र ‘छान’ वाटतो. तो छान वाटतो, कारण मनात आधीच असलेल्या उत्तराशी तो जुळतो. म्हणजे शब्द चिठ्ठीतून आलेला नसतो, आवडीने निवडलेला असतो, आणि चाकोरी मागच्या दाराने परत येते. एका शब्दावर पाच मिनिटे घालवावीत. काहीच निघाले नाही तर ती बैठक तिथेच संपवावी आणि नवा शब्द दुसऱ्या दिवशी काढावा.

4. चष्मा आणि सोयाबीन

वर लिहिलेल्या सोयाबीनच्या प्रश्नासाठी ‘चष्मा’ ही चिठ्ठी निघाली, असे धरू.

पहिल्या मिनिटात जे सुचते ते बहुतेक वेळा वरवरचे असते. चष्म्याच्या आकाराची पिशवी, दुकानाच्या पाटीवर चष्मा लावलेला शेतकरी, ‘नजर’ नावाचे बियाणे. यात वस्तूचे फक्त रूप उचललेले आहे. अशा कल्पना जाहिरातीच्या कामाला येतील, पण त्यांतून धंदा उभा राहत नाही, कारण धंद्यात काय विकले जाते आणि पैसे कोण देतो, यातले काहीच बदललेले नसते.

म्हणून शब्दाचे रूप बाजूला ठेवून त्याचा व्यवहार उलगडायचा. चष्मा माणसापर्यंत कसा येतो? आधी नंबर काढावा लागतो. नंबर प्रत्येकाचा वेगळा असतो, दोन डोळ्यांचाही वेगळा असू शकतो. नंबर चिठ्ठीवर लिहून मिळतो. बऱ्याच दुकानांत तपासणी फुकट असते आणि कमाई फ्रेम व काचांवर होते. गावोगावी तपासणी शिबिरे भरतात. नंबर कालांतराने बदलतो, म्हणून गिऱ्हाईक परत येते. अशी सहा-सात वाक्ये लिहून झाली की प्रत्येक वाक्यात चष्म्याच्या जागी सोयाबीन ठेवून पाहायचे.

पहिल्याच वाक्यावर काहीतरी सापडते. सोयाबीनच्या बियाण्याचा नंबर काढता येतो का? येतो. त्याला उगवणक्षमता म्हणतात. सोयाबीनमध्ये परागीभवन त्याच फुलात होते, त्यामुळे चांगल्या वाणाचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते आणि पिशवीचा खर्च वाचतो. पण त्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राचा वेग जास्त असला, पोती उंचावरून आपटली किंवा थप्पी फार उंच लागली की आतला कोंब दुखावतो. वरून दाणा ठणठणीत दिसतो आणि जमिनीत मात्र उगवत नाही. हे दोन आठवड्यांनी, पाऊस पडून गेल्यावर आणि पेरणी झाल्यावर कळते, आणि मग दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर येतो.

तपासणी अवघड नाही. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून बियाणे काढून ते एकत्र मिसळायचे. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. आठवडाभरात निरोगी कोंब मोजले की टक्केवारी मिळते. असे तीन-चार संच करून सरासरी काढली तर आकडा भरवशाचा होतो. सोयाबीनसाठी सत्तर टक्के हे प्रमाण मानले जाते आणि तेवढी उगवण असेल तर एकरी सुमारे 30 किलो बियाणे पुरते.

आता चष्म्याचे दुसरे वाक्य: नंबर प्रत्येकाचा वेगळा आणि तो चिठ्ठीवर लिहून मिळतो. म्हणजे शेतकऱ्याला ‘उगवण साठ टक्के’ एवढेच सांगून भागणार नाही, त्यानुसार एकरी किती पेरायचे तेही लिहून द्यावे लागेल. हिशेब सोपा आहे. तीसला सत्तरने गुणायचे आणि आलेल्या उगवणीने भागायचे. साठ टक्के उगवण असेल तर 30 × 70 ÷ 60, म्हणजे 35 किलो. पंचावन्न टक्के असेल तर सुमारे 38 किलो. पन्नास टक्क्यांना 42 किलो लागतील, आणि त्याखाली गेल्यावर ते बियाणे न पेरलेलेच बरे. एका घरातल्या दोन थप्प्यांचे नंबर वेगळे असू शकतात, हेही डोळ्यांप्रमाणेच.

5. पैसे कोण देणार?

इथे कल्पना सुचल्याचा आनंद होतो आणि बरेच जण इथेच थांबतात. पण ‘बियाण्याचा नंबर काढून देऊ’ या कल्पनेत एक मोठे भोक आहे. ही चाचणी घरी करता येते आणि कृषी विभागाचे कर्मचारी ती गावोगावी फुकट शिकवतात. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला शंभर रुपये कोण देणार?

उत्तर पुन्हा त्याच शब्दात शोधायचे, कारण त्याची सगळी वाक्ये अजून वापरलेली नाहीत. चष्म्याच्या दुकानात तपासणी फुकट असते, विकला जातो तो चष्मा. मग बियाण्याचा चष्मा कोणता? नंबर कमी का आला, हे पाहिले की ते कळते. पोत्यात फुटके, सुरकुतलेले, अपक्व दाणे आणि काडीकचरा मिसळलेला असेल, तर तो काढून टाकल्यावर उरलेल्या बियाण्याचा नंबर सुधारू शकतो. यासाठी नागमोडी घसरगुंडीसारखे एक यंत्र मिळते. गोल, अखंड दाणा वेगाने बाहेरच्या बाजूला जातो आणि फुटका, चपटा दाणा आत रेंगाळतो. नंतर बुरशीनाशक आणि जिवाणू खताची बीजप्रक्रिया. म्हणजे धंदा असा ठरतो: मे महिन्यात गावात शिबिर, तपासणी फुकट, नंबरची चिठ्ठी हातात, आणि ज्याला हवे त्याच्या दारात किलोमागे ठरलेल्या दराने चाळणी आणि बीजप्रक्रिया.

दर किलोला 3 रुपये धरला आणि सरासरी शेतकरी पाच एकरांचा, म्हणजे दीडशे किलो बियाण्याचा धरला, तर एका घरामागे 450 रुपये येतात. गावातल्या शंभर घरांनी काम दिले तर 45,000 रुपये. वीसच घरांनी दिले तर 9,000, आणि त्यातून यंत्राची वाहतूक, दोन माणसांची मजुरी आणि औषध वजा जायचे. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. धंद्याचे भवितव्य दर चार आणे वाढवण्यावर ठरत नाही, गावातली किती घरे घरचे बियाणे वापरतात यावर ठरते. आणि हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. बाकीचे अकरा महिने यंत्र हरभऱ्याला किंवा तुरीला चालवता येते का, हा पुढचा प्रश्न.

एक हद्दही पाळावी लागते. शेतकऱ्याचे बियाणे त्याच्याच शेतासाठी साफ करून देणे ही सेवा झाली. तेच बियाणे पिशवीत भरून दुसऱ्याला विकायला गेले की बियाणे विक्रीचा परवाना लागतो.

6. दोन कामे एकमेकांवर ठेवणे

शब्दाची चिठ्ठी काढणे हा या रीतीचा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात चिठ्ठी नसते. आजूबाजूला चालू असलेल्या कामांच्या दोन याद्या करतात, एक उभी आणि एक आडवी, आणि प्रत्येक घरात दोन कामे बळेच एकत्र बसवून पाहतात. इथेही रूप पाहायचे नाही. प्रत्येक कामासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: त्याला काय लागते आणि त्यातून काय उरते.

या जोडणीचे मोठे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच आहे. चिठ्ठ्या काढून ते सुचलेले नाही, पण त्याची रचना नेमकी अशीच आहे. गेल्या दशकात जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामे निघाली. रस्त्याच्या भरावाला माती आणि मुरूम लागतो, आणि तो खाणीतून आणायचा तर पैसे मोजावे लागतात. त्याच जिल्ह्यात तलाव गाळाने भरलेले, नाले उथळ झालेले. ते खोल करायचे तर यंत्राचे भाडे लागते आणि निघालेल्या मातीचे काय करायचे हा प्रश्न उरतो. एकाला जे लागते तेच दुसऱ्यातून उरते. ठेकेदाराने तलाव आणि नाल्यांतून माती-मुरूम फुकट न्यायचा आणि त्या बदल्यात खोलीकरण होऊन जायचे, असे ठरले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ही रीत जाहीर भाषणांतून वारंवार सांगितली आणि ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने राज्याबाहेरही गेली.

तिचा हिशेब एका ओळीत मांडता येतो. एक घनमीटर खड्ड्यात हजार लिटर पाणी मावते. रस्त्याचा भराव दहा मीटर रुंद आणि एक मीटर उंच धरला, तर एका किलोमीटरला दहा हजार घनमीटर माल लागतो. तो तलावातून उचलला तर तिथे सुमारे एक कोटी लिटर पाण्याची जागा होते. खोदलेली माती फुगते आणि भरावात दाबली की पुन्हा बसते, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण अंदाज चुकत नाही.

जोडणी किती जुळली तरी वस्तूचे गुणधर्म बदलत नाहीत, हेही याच उदाहरणात दिसते. तलावातला वरचा काळा, चिकण गाळ भरावाला चालत नाही. तो ओला झाला की फुगतो, वाळला की तडकतो आणि त्यावरचा रस्ता खचतो. तो शेतात टाकायचा आणि रस्त्याला खालचा मुरूमच न्यायचा. धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी खोदता येत नाही. साठवण तलावाचा तळ फार खरवडला तर पाणी झिरपून जाऊ शकते. आणि तलाव रस्त्यापासून फार लांब असेल तर माती फुकट मिळूनही डिझेलमुळे महाग पडते. म्हणून सक्तीने जोडलेल्या प्रत्येक कल्पनेला एक प्रश्न विचारावाच लागतो: जे उरते ते खरोखर, त्याच प्रतीचे आणि त्याच वेळी दुसऱ्याला हवे आहे का?

7. कुठे फसते?

कोणतीही दोन नामे घेतली तरी त्यांच्यात काहीतरी संबंध लावता येतोच. मनाला ते सहज जमते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याच्या दाण्यांची हालचाल पाहून पाऊसपाण्याचे भाकीत करतात. मांडणीतून अर्थ वाचण्याची माणसाची ही हौस जुनी आहे. धंद्याच्या बैठकीत तीच हौस वापरली जाते, पण तिथे सापडलेला संबंध हा पुरावा नसतो, फक्त तपासण्याजोगा अंदाज असतो. ‘चिठ्ठी चष्म्याचीच निघाली, म्हणजे यात काहीतरी आहे’ असे कोणी म्हणू लागला की बैठक भाकिताकडे वळली असे समजावे.

दुसरी फसगत साखळीची. चष्म्यावरून डोळे, डोळ्यांवरून काजळ, काजळावरून सौंदर्यप्रसाधने, तिथून बचत गट आणि शेवटी पुन्हा पापड. प्रत्येक उडी नेहमीच्या ओळखीची असते, म्हणून चार उड्यांत माणूस घरी परततो. शब्दापासून थेट प्रश्नाकडे यावे, मध्ये फार तर एक पायरी.

तिसरी अडचण माणसांची आहे. पाच जण बसले आणि पहिल्याने मोठ्याने ‘तपासणी शिबिर’ म्हटले, की उरलेले चौघे शिबिराचेच प्रकार सुचवत राहतात. आधी दाखवलेल्या नमुन्याकडे माणसे नकळत खेचली जातात, हे प्रयोगांतूनही दिसले आहे. म्हणून पहिली पाच मिनिटे प्रत्येकाने गप्प बसून स्वतःच्या कागदावर लिहावे आणि कागद नंतर वाचावेत. घरातले ज्येष्ठ किंवा गटाच्या अध्यक्षा बैठकीत असतील तर त्यांचा कागद शेवटी वाचणे बरे.

8. यंत्र घेण्याआधी

बियाण्याच्या कल्पनेत न तपासलेल्या दोनच गोष्टी उरतात: किती घरांत घरचे बियाणे आहे आणि चाळणीला पैसे द्यायला किती जण तयार आहेत. दोन्हींसाठी यंत्र विकत घ्यावे लागत नाही. एप्रिलच्या अखेरीस एका गावातल्या तीस घरी जाऊन बियाणे पाहावे, नमुना घ्यावा आणि गोणपाटावर चाचणी लावून आठवड्याने चिठ्ठी द्यावी. चिठ्ठी देताना ‘चाळून हवे का’ एवढेच विचारू नये, कारण तोंडी ‘हो’ सगळेच म्हणतात. पन्नास रुपये आगाऊ घेऊन नाव लिहावे. हातचाळणीने दोन-तीन पोती चाळून, चाळण्याआधी आणि नंतरची उगवण शेजारी शेजारी तपासून पाहावी. ती वाढत नसेल तर दाणे आतून मेलेले आहेत आणि चाळणीने त्यांचे काही होणार नाही. तीसपैकी आगाऊ देणारे आठ-दहा निघाले तर पहिल्या हंगामासाठी यंत्र भाड्याने आणता येईल. दोन-तीनच निघाले तर घेतलेली रक्कम परत करून ‘चष्मा’ची वाक्ये लिहिलेल्या कागदावर तारीख टाकावी आणि सोयाबीनच्याच प्रश्नासाठी डब्यातून दुसरी चिठ्ठी काढावी.